घरच्या बिअरला केळीचा आणि थिनरसारखा वास येत होता, तो असा गेला

जळगावच्या उन्हात एल यीस्टनं केलेल्या बिअरला पिकलेल्या केळीचा आणि मागून थिनरसारखा वास यायचा, घशात गरम लागायचं. आधी इन्फेक्शन वाटलं, सगळं सॅनिटाईज केलं, माल्ट बदलला, पाणी बदललं, काही फरक नाही. मग लेगर यीस्ट आणलं तर आणखी बिघडलं. जाम वैताग आला.

बिअर आंबट नव्हती, वर पापुद्रा नव्हता, म्हणजे इन्फेक्शन नव्हतं. गरमीत यीस्ट भराभर वाढतं आणि एस्टर नावाची वास देणारी द्रव्यं जास्त बनवतं, केळीचा वास त्यातल्याच एकाचा, आणि घशातली जळजळ फ्युजल म्हणजे जड प्रकारच्या अल्कोहोलची. एल यीस्टला साधारण १८ ते २० अंश लागतात, लेगरला ९ ते १३, म्हणून आपल्याकडच्या खोलीत लेगर आणखी बिघडणारच.

मग जुना फ्रीज आणि टेम्परेचर कंट्रोलर जोडला. सेन्सर हवेत लटकवू नका, बिअर आंबते त्या भांड्याच्या, म्हणजे फर्मेंटरच्या अंगाला चिकटवून वरून थर्माकोल लावा, कारण आंबताना आतलं द्रव हवेपेक्षा काही अंश गरम असतं. वॉर्ट, म्हणजे माल्टचं उकळलेलं गोड पाणी, १८ वर आणूनच यीस्ट टाका, पहिले ३-४ दिवस १८ धरा, कारण चव तेव्हाच ठरते, मग २०-२१ पर्यंत वाढू द्या. लेगर असेल तर यीस्ट दुप्पट, १२ अंश, आणि आंबणं संपत आलं की २ दिवस १६-१८, नाहीतर लोण्यासारखी चव राहते. शेवटी काही आठवडे शून्याच्या आसपास.

आता एलमध्ये माल्टची चव कळते, केळीचा वास गेला.