पिकलेल्या केळ्यांनी कच्चा हापूस कसा पिकवावा

मे महिन्यात मार्केट यार्डातून डझनभर कच्चा हापूस आणला आणि आढी घालायला गवत नसलं, तर दोन पिकलेली केळी पुरतात. केळ्यातून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो. तो आंब्याला लागला की आंबाही पिकू लागतो आणि स्वतः इथिलीन सोडू लागतो. म्हणजे केळ्याने फक्त सुरुवात करून द्यायची असते.

आधी आंबे तपासा. देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे देठाच्या वर उचललेले असतील आणि देठाजवळ खळगा पडला असेल, तर फळ तयार आहे. कोवळा आंबा कितीही वायू दिला तरी नीट पिकत नाही. साल सुरकुतते, आत आंबट आणि चिवट राहतो. त्यात केळ्याचा दोष नाही. चिरलेली, मार लागलेली फळंही बाजूला काढा.

आता पुठ्ठ्याचं खोकं घ्या. तळाला कोरा कागद किंवा भाताचा पेंढा पसरून आंबे एकाच थरात मांडा. मध्ये दोन केळी ठेवा: पूर्ण पिवळी, सालीवर तपकिरी ठिपके नुकतेच येऊ लागलेली. काळी पडलेली, पाणी सुटलेली केळी नकोत, त्यांनी बुरशी आणि चिलटं येतात. झाकण नुसतं टेकवा.

प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणं ही सर्रास होणारी चूक. फळं श्वास घेतात. बंद पिशवीत प्राणवायू कमी होतो आणि साठलेला कार्बन डायऑक्साइड इथिलीनचं काम अडवतो. वर वाफ धरून देठाशी काळे डाग पडतात, ते कुजण्याचं लक्षण.

खोकं घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा, साधारण २० ते २५ अंश उत्तम. पुण्याच्या उन्हाळ्यात ते जमणं कठीण, पण गच्चीलगतची खोली आणि फ्रिजचा माथा तरी टाळा. फार उकाड्यात गर मऊ होतो, पण रंग आणि स्वाद मागे राहतात. कच्चा आंबा फ्रिजमध्येही नको. १३ अंशांखाली त्याला थंडी बाधते आणि पुढे तो धड पिकत नाही.

दीड-दोन दिवसांनी केळी काढून खाऊन टाका, त्यांचं काम झालेलं असतं. त्यानंतर सकाळ-संध्याकाळ खोकं उघडून पाहा. वास सुटला आणि देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबल्यावर फळ जरासं दबलं, की तेवढाच आंबा बाहेर काढा. सगळे एकदम पिकणार नाहीत. पिकलेले हवे तर फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतील.

हीच युक्ती चिकू, पपई, टोमॅटोला चालते. द्राक्षं, संत्री, डाळिंब मात्र तोडल्यावर गोड होत नाहीत. ती केळ्यांपासून लांबच ठेवा.