गोळीच्या कागदाचं फोनवर भाषांतर करताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एक पोरगा फोन पुढं धरून उभा राहिला. "दादा, आईची संधिवाताची गोळी हाय. कागदावर रोज घ्यायची लिवलंय, आणि आई म्हणतीया सोमवारचीच. खरं काय?"

गोळी होती मेथोट्रेक्सेट. संधिवाताला ती आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड आतून सोलवटतं, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस दगावूही शकतो.

गंमत म्हणजे फोननं भाषांतर अगदी बरोबर केलं होतं. "15 ते 30 मिलिग्रॅम रोज, पाच दिवस" असंच मूळ कागदावर छापलेलं होतं, फक्त ते गर्भाच्या वारेच्या एका कॅन्सरसाठी. हीच गोळी बऱ्याच रोगांना चालते आणि प्रत्येकाचा डोस वेगळा. पोरानं नेमका मधला परिच्छेद टिपला आणि रोगाचं नाव असलेला मथळा फोटोबाहेर राहिला. तेव्हा आख्ख्या पानाचा फोटो घ्या. आधी आपल्या रोगाचा मथळा शोधा, मग त्याखालचा आकडा बघा.

स्ट्रिपची तऱ्हा वेगळी. चांदीवर उजेड चमकला की 2.5 मधला टिंब गायब होतो आणि फोन सरळ 25 वाचतो. फ्लॅश बंद करा, खिडकीजवळ स्ट्रिप थोडी तिरकी धरा, आणि आकडा स्वतःच्या डोळ्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून बघा. आम्ही दुकानदारही चार गोळ्या कापून देतो आणि नाव, एक्स्पायरी उरलेल्या तुकड्यावर राहते. असा तुकडा घरी सापडला तर त्याचा फोटो काढून काही हाती लागत नाही. "डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार" एवढंच भाषांतर आलं, तर ते चूक नाही. डोस स्ट्रिपवर नाहीच, तो चिठ्ठीत आहे.

यातलं काहीही अडलं की फोटो नको, स्ट्रिप आणि चिठ्ठी दोन्ही घेऊन फार्मासिस्टकडं या. विचारा, "ही रोजची की आठवड्याची? कुठला वार?" आणि तो वार खोक्यावर मराठीत लिहून घ्या. सोबत दिलेली फॉलिक ऍसिडची गोळीही बऱ्याचदा पिवळीच असते, म्हणून दोन्ही खोकी वेगवेगळ्या जागी ठेवा. चिठ्ठीतच "रोज" लिहिलेलं दिसलं तर आम्ही आमच्या मनानं डोस बदलत नाही, डॉक्टरांना फोन लावतो.

आणि चार-पाच दिवस रोज घेऊन झाली असेल तर दुकानात येऊच नका. गोळी थांबवा आणि काही त्रास नसला तरी स्ट्रिप घेऊन थेट सरकारी सीपीआर हॉस्पिटल किंवा जवळचं दुसरं हॉस्पिटल गाठा. यावर फॉलिनिक ऍसिडचा उतारा आहे, जितक्या लवकर मिळेल तितका उपयोगी. पण ते औषध वेगळं. घरातल्या फॉलिक ऍसिडच्या जादा गोळ्या खाऊन ते काम होत नाही.