रिकव्हरीत व्हिडिओ सापडतो, साइझही बरोबर असते, मग उघडत का नाही? (आणि तेव्हा काय करायचं)

पाडव्याच्या शोभायात्रेत माझी पुतणी बुलेटवर होती, नऊवारी, हेल्मेटला ऍक्शन कॅमेरा, तलावपाळीपासून राम मारुती रोडपर्यंतची आठ मिनिटांची एकच सलग क्लिप. संध्याकाळी खारघरला घरी जाऊन कॅमेऱ्यातच कार्ड फॉरमॅट करून बसली. दुसऱ्या दिवशी फोन, "काका, सॉफ्टवेअरमध्ये सापडलाय, नाव तेच, 3.6 जीबी बरोबर, फोटो पण सगळे आलेत, फक्त हा एक व्हिडिओ चालत नाहीये." म्हटलं अगं चालणारच नाही, कार्ड काढून ठेव आणि ठाण्याला घेऊन ये.

कार्ड काढून ठेवायचं, त्यावर काही रेकॉर्ड करायचं नाही, त्याच कार्डवर रिकव्हरी सेव्ह करायची नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. आधी पूर्ण कार्डाची इमेज, म्हणजे बाइट-न्-बाइट हुबेहूब प्रत, काढा, पुढचं सगळं त्या इमेजवर. लिनक्सवर मी असं करतो (`/dev/sdb` च्या जागी तुमच्या कार्डाचं नाव, नीट बघून):

```
sudo ddrescue -d -r3 /dev/sdb card.img card.map
```

इमेज हेक्स एडिटरमध्ये उघडून मधेमधे बघा. सगळीकडे नुसते 00 असतील तर कॅमेऱ्याने कार्ड खरोखर पुसलंय, विषय संपला. बाकी स्कॅन कुठल्याही चांगल्या सॉफ्टवेअरने करा, हा भाग सोपा आहे.

आता खरी गोम. लोक म्हणतात "फाइल सापडली", पण सॉफ्टवेअरला सापडते ती फोल्डरमधली नोंद, म्हणजे नाव, साइझ आणि पहिला तुकडा कार्डावर कुठे सुरू होतो तो पत्ता. पुढचे तुकडे कुठे आहेत ते वेगळ्या तक्त्यात एकामागून एक साखळीसारखं लिहिलेलं असतं, त्या तक्त्याला फॅट म्हणतात. 32 जीबीपर्यंतच्या कार्डांवर साधारण फॅट32 असते, तिथे फाइल डिलीट केली की ही साखळी लगेच शून्य होते. मोठ्या कार्डांवर एक्सफॅट, तिथे नुसतं डिलीट केलं असेल तर साखळी बऱ्याचदा शाबूत राहते आणि नशीब चांगलं असतं, पण फॉरमॅट केलं की तीही गेली. साखळी नसली की सॉफ्टवेअर काय करतं, तर सुरुवातीपासून सलग 3.6 जीबी उचलतं आणि तुमच्या हातात देतं. म्हणूनच साइझ बरोबर दिसते, ती मोजलेली नाही, नोंदीतून वाचलेली आहे. फोटो पाच-सहा एमबीचा, एका जागी बसतो, त्यामुळे तो नीट येतो.

पण ताज्या कार्डावर फाइलचे तुकडे कसे पडले? बरेच ऍक्शन कॅमेरे मोठ्या फाइलसोबत मोबाइलवर बघायला एक छोटी फाइलही त्याच वेळी लिहितात (एक्स्टेन्शन बहुतेक `.LRV`). म्हणजे थोडा मोठीचा तुकडा, मग छोटीचा, परत मोठीचा. पुतणीच्या कार्डावर मोठीचे साधारण 30 एमबी, मग छोटीचे 2 एमबी, असा ठेका होता. 3.6 जीबीचे 120 तुकडे, मधे छोटीचे 240 एमबी, म्हणजे क्लिप कार्डावर पसरलेली 3840 एमबीवर. सॉफ्टवेअरने पहिले 3600 उचलले. त्यात साधारण 224 एमबी माल छोट्या फाइलचा, आणि मोठीचा शेवटचा तेवढाच भाग, साधारण अर्धं मिनिट, बाहेरच राहिला.

आणि शेवटचा भाग जाणं सगळ्यात वाईट, कारण कॅमेरा `moov` नावाचा इंडेक्स रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहितो, तो फाइलच्या शेपटात असतो. कुठली फ्रेम फाइलच्या सुरुवातीपासून किती अंतरावर आहे ते त्यात असतं. तो नाही तर प्लेअरला फ्रेमच सापडत नाहीत. तपासायला:

```
ffmpeg -v error -i clip.mp4 -f null -
```

`moov atom not found` आलं तर समजा शेपूट नाही. ज्या व्हिडिओत इंडेक्स पुढे असतो (एडिट केलेले, डाउनलोड केलेले) तो उघडतो, थोडा चालतो आणि मग चौकोन, हिरवट पट्टे, आवाज तुटका. तिथून पुढचं सगळं सरकलंय म्हणून. आमच्या ठेक्यात ते चौथ्याच सेकंदाला झालं असतं, 30 एमबी म्हणजे तेवढंच.

इथेच मी पूर्वी तीन रात्री घालवल्यात. एका क्लिपवर रिपेअरची सॉफ्टवेअर एकामागून एक चालवली, untrunc ला त्याच कॅमेऱ्याची चांगली क्लिप नमुना म्हणून दिली. तो इंडेक्स नव्याने बनवतो आणि चांगलं काम करतो, पण फाइल खरंच अर्धवट कापली गेली असेल तेव्हा. मधे परका माल घुसलाय आणि शेवट बाहेर पडलाय, तर रिपेअर करून काय मिळणार, धान्यात खडे आहेत आणि आपण भात परत परत शिजवतोय. व्हिडिओ उघडला, पण दर चार सेकंदाला हिचकी आणि शेवट गायब. तेव्हा कुणी "रिपेअर टूल टाक" म्हटलं की आधी विचारा, तुकडे नीट जोडलेत का?

मग करायचं काय, तर सापडलेली फाइल बाजूला ठेवून इमेजवर परत जायचं. मोठ्या फाइलच्या सुरुवातीच्या पत्त्यापासून मोठी आणि छोटी दोन्ही मिळून जेवढी साइझ होते तेवढा सलग भाग कापून घ्या, आमच्यासाठी 3840 एमबी, वर थोडा जास्त. त्याच्या शेवटाकडे `moov` शोधा. दोन सापडतील, ज्याच्यात मोठं रिझोल्यूशन लिहिलंय तो आपला. आता हा इंडेक्स हाच नकाशा. तो सांगतो अमुक फ्रेम अमुक अंतरावर, एवढ्या बाइटची. एच.264 च्या क्लिपमध्ये त्या जागी पहिल्या चार बाइटमध्ये पुढच्या भागाची लांबी असते, ती फ्रेमच्या साइझमध्ये बसली तर जागा बरोबर. ज्या फ्रेमला बसत नाही तिथे किंवा तिच्या जरा आधी परका तुकडा सुरू झालाय. हे तुटणं मनमानी जागी होत नाही, कार्डावरची जागा ज्या ठराविक मापाच्या खणांत वाटलेली असते त्या क्लस्टरच्या सीमेवरच होतं, आमच्या कार्डावर दर 128 केबीला. त्यामुळे एकेक क्लस्टर वगळत पुढे जायचं, हिशोब परत जुळला की परका तुकडा संपला. दर वेळी नक्की 30 आणि 2 निघत नाहीत, कधी 28, कधी 32, म्हणून ठेका पाठ करून आंधळेपणाने कापू नका, प्रत्येक सांधा तपासा. पहिल्यांदा मी हे हाताने केलं, आता छोटी पायथन स्क्रिप्ट ठेवलीये. कॅमेऱ्याचा पॅटर्न ओळखून हे करणारी तयार सॉफ्टवेअरही असतात, पण त्यांच्या "सापडलं" वर पैसे भरू नका, आधी डेमोमध्ये क्लिपच्या मधलं आणि शेवटचं मिनिट चालतंय का बघा.

जोडून झाल्यावर वरचीच कमांड परत चालवायची. एरर शून्य आल्या तरी डोळ्यांनी पूर्ण बघा.

ज्या क्लस्टरवर नंतर दुसरं काही लिहिलं गेलंय तो भाग मात्र कशानेच येत नाही. पुतणीने फॉरमॅटनंतर "चालतोय का बघू" म्हणून पंधरा सेकंदांचं रेकॉर्डिंग केलं होतं, ते कार्डाच्या सुरुवातीला जाऊन तिच्या सकाळच्या दुसऱ्याच एका क्लिपवर बसलं, ती गेली. शोभायात्रेची आठ मिनिटं आली, दोन सांधे माझ्याकडून एकेक क्लस्टरने चुकले होते, तिथे पुढची की-फ्रेम, म्हणजे अख्खं चित्र असलेली फ्रेम, येईपर्यंत चित्र चौकोनी होतं, साधारण अर्धा सेकंद. एक दुरुस्त केला, दुसरा तसाच ठेवला, तिथे ती सिग्नलला थांबलेली आहे.