पॅड उखडतं ते कुठे? डिसोल्डरिंगच्या या चुका टाळा

गेल्या आठवड्यात शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा राउटरचा बोर्ड घेऊन आला. फुगलेला ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढायचा होता. वितळलेलं सोल्डर ओढणारा पंप आणि ते शोषणारी तांब्याची जाळीदार पट्टी, म्हणजे विक, त्याने पुण्याच्या तापकीर गल्लीतूनच आणली होती. "काका, प्लसचा पाय पटकन सुटला, पण मायनसबरोबर पॅडच वर आलं."

पॅड म्हणजे पायाच्या भोकाभोवतीची तांब्याची चकती. मायनसचा पाय ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेला असतो. सोल्डरिंग आयर्नच्या टोकाची, म्हणजे बिटची उष्णता तिथे पसरून जाते. वरचं सोल्डर चकाकतं, भोकाच्या आतलं मात्र घट्टच राहतं. त्याने बिट ४५० अंशांवर नेली आणि पाय ओढला. इथेच चुकलं. पॅड बोर्डाला इपॉक्सीने चिकटलेलं असतं. नेहमीच्या हिरव्या बोर्डातली ही इपॉक्सी साधारण १३० ते १४० अंशांनंतर मऊ पडू लागते. नुसत्या उष्णतेने पॅड सहसा निघत नाही. तापलेलं असताना जोर लावला की निघतं.

म्हणून आधी सोल्डर काढायचं नाही, घालायचं. कंपनीतून आलेल्या बोर्डावर बहुधा शिसं नसलेलं सोल्डर असतं, ते २१७ अंशांच्या आसपास वितळतं. त्यात थोडं कथील-शिशाचं ६०/४० सोल्डर मिसळलं की मिश्रण कमी तापमानाला वितळतं आणि सोल्डर नीट वाहू देणारा ताजा फ्लक्सही मिळतो. बिट ३५० अंशांवर ठेवा, टोकदार नव्हे तर चपटी घ्या. ती पाय आणि पॅड दोघांना टेकवा, तीन-चार सेकंद थांबा आणि बिट न काढता पंप दाबा. पंपाचं तोंड पॅडवर रेटू नका. थोडं सोल्डर उरलं, तर कोरडं तापवत बसू नका. पुन्हा सोल्डर भरा, पुन्हा पंपाने ओढा.

विक वापरताना वेगळी चूक होते. बिट आधी उचलली जाते, विक पॅडवर गोठते आणि आपण ती खेचतो. विक आणि बिट एकत्र, सरळ वर उचला. चिकटलीच तर पुन्हा तापवा. विकेला फ्लक्स लावा आणि सोल्डरने भरलेलं टोक कापून टाका, नाहीतर तेच उष्णता पितं.

पाय खरंच सुटला का, हे बोर्ड गार झाल्यावर चिमट्याने पाय हलवून बघा. भोकात तो मोकळा डुलला पाहिजे. एका बाजूला चिकटला असेल, तर बिटने मधोमध ढकला. तो डुलेपर्यंत कपॅसिटरला हात लावू नका.

त्या मुलाचं पॅड ग्राउंडचं होतं, त्यामुळे वाट सापडली. शेजारचा हिरवा थर ब्लेडने खरवडून तांबं उघडं केलं, नव्या कपॅसिटरचा मायनस पाय वाकवून तिथे सोल्डर केला. नंतर मल्टिमीटर बीपवर ठेवून तो पाय आणि पॉवर जॅकचा मायनस तपासला.