कर्ज फेडलं, तरी रिपोर्टमध्ये थकबाकी: दुरुस्ती मागताना या चुका टाळा

कर्ज मुदतीआधी फेडलं, बँकेचं नो ड्यूज पत्रही हातात आहे. तरी काही महिन्यांनी नवा अर्ज फेटाळला जातो, कारण क्रेडिट रिपोर्टमध्ये जुनं खातं चालू आणि थकीत दिसतं. अशा वेळी लोक सिबिलच्या साइटवर तक्रार टाकून वाट पाहत बसतात. इथेच घोळ होतो. सिबिलसारखा ब्युरो, म्हणजे कर्जांच्या नोंदी ठेवणारी संस्था, स्वतःच्या मनाने नोंद बदलत नाही, बँकेला विचारतो. ‘आमची माहिती बरोबर आहे’ असं बँकेने कळवलं की तक्रार बंद.

बँक असं का म्हणते, हे आधी शोधा. त्यासाठी नो ड्यूज पुरत नाही. कर्जखात्याचा आजपर्यंतचा उतारा मागा. समजा, ४ लाख बाकी होती, व्याज १२.५ टक्के. फेडीचा आकडा १० तारखेपर्यंतचा दिला होता, पण चेक वटला १३ तारखेला. तीन दिवसांचं सुमारे ४११ रुपये व्याज खात्यात राहिलं. शाखेने पत्र दिलं, पण सिस्टीममध्ये खातं उघडंच राहिलं आणि डीपीडी, म्हणजे थकलेल्या दिवसांचा रकाना, ३०, ६०, ९० असा चढत गेला.

आता मोह होतो की ४११ रुपये भरून टाकावेत. नुसते भरू नका. त्याने खातं बंद होईल, पण मागच्या महिन्यांची थकबाकी तशीच राहील. ‘सेटलमेंट’ या शब्दाला तर हातच लावू नका. ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण रकमेपेक्षा कमी घेऊन मिटवलेलं, हा शेरा पुढच्या बँकेला खटकतोच. नो ड्यूज पत्र आणि उतारा जोडून बँकेकडे लेखी मागणी करा: शिल्लक रद्द करावी, खातं मूळ फेडीच्या तारखेने बंद दाखवावं, आणि त्यानंतरच्या प्रत्येक महिन्याचा डीपीडी काढावा. महिने नावानिशी लिहा. ‘रिपोर्ट दुरुस्त करा’ एवढंच लिहिलं तर बहुधा फक्त खात्याची स्थिती बदलते.

त्याच दिवशी ब्युरोकडेही तक्रार करा. भारतात सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क असे चार ब्युरो आहेत, आणि पुढची बँक कोणाचा रिपोर्ट काढेल ते सांगता येत नाही. प्रत्येकाकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो.

तक्रार क्रमांक आणि तारीख जपा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. बँकेने ब्युरोला २१ दिवसांत सुधारित माहिती पाठवली नसेल तर ही भरपाई बँकेने द्यायची. तक्रारीतच आपला खाते क्रमांक किंवा यूपीआय आयडी द्या. भरपाई तिथेच जमा होते. तीस दिवस उलटले, किंवा उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.