परिविक्षा, 'मर्जी' आणि चार ओळींचा आदेश

राज्यघटनेचे कलम 310 म्हणते की शासकीय कर्मचारी राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पदावर राहतो. कलम 311 त्या मर्जीला लगाम घालते. बडतर्फ करायचे किंवा सेवेतून काढायचे असेल, तर नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला ते करता येत नाही. आणि बडतर्फी, सेवेतून काढणे किंवा पदावनती यांपैकी काहीही करण्याआधी दोषारोप कळवून, बाजू मांडायची वाजवी संधी देऊन चौकशी करावी लागते. चौकशी टाळता येणारे तीन अपवाद त्याच कलमात आहेत. एवढे सगळ्यांना पाठ असते. ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ एका ज्येष्ठ वकिलांकडे सेवाविषयक प्रकरणे शिकायला लागलो तेव्हा मलाही होते. तरीही पहिला परिविक्षाधीन, म्हणजे कायम होण्याआधी चाचणीच्या कालावधीत असलेला, कर्मचारी सेवा संपवल्याचा आदेश हातात घेऊन समोर बसला, तेव्हा त्याला काय सांगावे हे मला सुचेना. आदेशात चारच ओळी होत्या, आणि त्यात आरोपाचा एकही शब्द नव्हता.

नवीन माणसाने आधी एक गोष्ट तपासावी: कर्मचारी राज्याच्या किंवा केंद्राच्या नागरी पदावर आहे का? आपल्या भागात हे फार महत्त्वाचे आहे. बेलापूरच्या कोकण भवनातला राज्य शासनाचा लिपिक कलम 311 मध्ये येतो. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेचा कर्मचारी येत नाही, आणि सिडको ही कंपनी असल्याने तिथलाही नाही. त्यांना संरक्षण आहे, पण ते त्यांच्या कायद्यातून, सेवानियमांतून आणि कलम 14 मधून मिळते. पगार सरकारी वाटतो म्हणून '311 लावून टाकू' असे कोणी म्हणाले, तर तिथेच थांबवा.

आता खरा सापळा. परिविक्षाधीन माणसाला पदावर हक्क नसतो, काम बरे न वाटल्यास त्याला कमी करता येते, म्हणून त्याला 311 नाहीच, असा समज मी कितीतरी जणांकडून ऐकला आहे. वीस पानांच्या झटपट नोट्समध्येही तो छापलेला असतो. या नोट्सवर माझा राग आहे, कारण त्यांत अर्धेच वाक्य असते. 1958 साली प्रसिद्ध झालेल्या परशोत्तमलाल धिंग्रा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की 311 कायम आणि तात्पुरत्या, दोघांनाही आहे. प्रश्न एवढाच की सेवा संपवणे ही शिक्षा आहे का? पदाला अनुरूप नाही म्हणून कमी केले तर शिक्षा नाही. गैरवर्तनासाठी काढले तर आहे, आणि मग चौकशी हवीच.

पण कुठलाही हुशार अधिकारी आदेशात 'गैरवर्तन' असे लिहीत नाही. म्हणून न्यायालय आदेशाच्या मागे जाऊन पाहते. अनूप जायसवाल यांचे प्रकरण मी नवोदितांना नेहमी आधी वाचायला सांगतो. ते भारतीय पोलीस सेवेतले परिविक्षाधीन अधिकारी होते आणि हैदराबादच्या अकादमीत प्रशिक्षण घेत होते. 1981 च्या जूनमध्ये एका पावसाळी सकाळी प्रशिक्षणार्थी कवायतीला उशिरा पोहोचले. त्यामागे जायसवाल यांची चिथावणी होती असे संचालकांना वाटले. स्पष्टीकरणे मागवली गेली, रीतसर चौकशी झाली नाही, आणि त्यांना सेवामुक्त करणारा आदेश निघाला. आदेशात कलंक लावणारे काहीही नव्हते. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संचालकांची शिफारस आदेशाशेजारी ठेवून वाचली. त्या एका घटनेवाचून हा आदेश निघालाच नसता, म्हणजे ती घटनाच आदेशाचा पाया होती, असे ठरले. आदेश रद्द झाला आणि त्यांना ज्येष्ठतेसह परत घेण्यात आले.

हे वाचून मी हुरळून गेलो होतो. दर आदेशामागे काहीतरी तक्रार असतेच, मग प्रत्येकच आदेश पडेल, असे मला वाटू लागले. तसे नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवा. न्यायालये हेतू आणि पाया यांत फरक करतात. 1999 च्या दीप्ती प्रकाश बॅनर्जी निकालात तो नीट उलगडला आहे. कर्मचाऱ्याच्या पाठीमागे चौकशी करून त्याला दोषी मानले आणि त्या निष्कर्षावर सेवा संपवली, तर आरोप हा पाया झाला. आदेश टिकत नाही. तक्रारी होत्या, पण प्रशासनाने त्यांचा छडा लावायचे टाळले, कुणाला दोषी ठरवले नाही, फक्त असा माणूस पुढे ठेवायचा नाही एवढेच ठरवले, तर तो हेतू, आदेश टिकतो. 2001 च्या पवनेंद्र नारायण वर्मा निकालातही 'काम आणि वर्तणूक समाधानकारक नाही' एवढ्या शब्दांना कलंक मानले नाही.

समजा, बेलापूरच्या एका राज्य कार्यालयात एक परिविक्षाधीन लिपिक आहे. तिने एका अभ्यागताकडून पैसे घेतल्याची तक्रार येते. वरिष्ठ दोन सहकाऱ्यांचे जबाब घेतात, तिला बोलावत नाहीत, आणि अहवालात लिहितात, 'आरोपात तथ्य आढळते, सेवा समाप्त करावी.' आठवड्याने आदेश निघतो: 'परिविक्षा कालावधी समाधानकारक नसल्याने सेवा समाप्त.' तिच्याकडे भक्कम प्रकरण आहे. आता तोच आदेश, पण नस्तीत अहवाल नाही. सहा महिन्यांच्या मूल्यमापनात कामाचा उरक कमी असल्याची नोंद आहे, तिला लेखी समज दिलेली आहे, आणि शेवटच्या टिपणीत 'तक्रारही आली आहे, सेवा पुढे चालू ठेवू नये' एवढेच. इथे तिला खोटी आशा दाखवू नका. आदेशाचा शब्दन् शब्द सारखा असूनही निकाल उलटा लागू शकतो.

म्हणून आदेशापेक्षा नस्ती मोठी. कर्मचारी आला की पहिल्याच दिवशी माहिती अधिकारात अर्ज करायला लावा: नस्तीतल्या टिपण्या, मूल्यमापन अहवाल, प्राथमिक चौकशीचे कागद आणि घेतलेले जबाब. उत्तराची मुदत 30 दिवसांची असते. कागद आले की तारखा ओळीने मांडा. तक्रारीआधी कामाविषयी एकही प्रतिकूल नोंद नसेल आणि तक्रारीनंतर लगेच सगळे बिघडलेले दिसत असेल, तर पाया कुठे आहे ते शोधायची दिशा मिळते. एवढ्याने सिद्ध होत नाही. दोषी ठरवणारा निष्कर्ष कागदावर सापडावा लागतो. आदेशात एखाद्या अहवालाचा क्रमांक दिला असेल तर तो अहवाल आधी मागवा. कलंक कधीकधी त्या संदर्भातच दडलेला असतो.

कागदांची वाट पाहताना मुदत मात्र चुकवू नका. राज्य कर्मचाऱ्याचे प्रकरण महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाते, आणि 1985 च्या कायद्याप्रमाणे अंतिम आदेशापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. नियमांत अपील असेल तर सहसा ते आधी करायचे. सहा महिन्यांत त्यावर निर्णय झाला नाही, तर त्यापुढे वर्ष मोजायचे. साध्या विनंतीअर्जांमागून विनंतीअर्ज करत बसलेल्या माणसांना मी मुदतीबाहेर गेलेले पाहिले आहे, आणि ते पाहणे फार वाईट असते. विलंब माफ होऊ शकतो, पण त्याची कारणे पटवावी लागतात.

आणि अशिलाला सुरुवातीलाच सांगा: चौकशी न केल्यामुळे आदेश रद्द झाला, तर आरोप खोटा ठरला असे होत नाही. शासन दोषारोपपत्र देऊन रीतसर विभागीय चौकशी सुरू करू शकते. मात्र त्या चौकशीत कर्मचाऱ्याला साक्षीदारांची उलटतपासणी घेता येते, आपले साक्षीदार आणता येतात, आणि चौकशी अहवालाची प्रत मिळून त्यावर म्हणणे मांडता येते.