कातडी शिश्नमुंडामागे अडकली तर

घरातल्या आजोबांना लघवीची नळी असेल, तर स्वच्छता करताना शिश्नमुंडावरून, म्हणजे शिश्नाच्या टोकावरून, मागे ओढलेली कातडी लगेच पुढे आणा. ती मागेच राहिली की आवळपट्टीसारखी बसते. रक्त आत येतं, पण परत जात नाही. सूज वाढते, पट्टी आणखी घट्ट होते. शेवटी येणारं रक्तही थांबतं आणि भाग सडू लागतो.

सुजलेला भाग मुठीत धरून पाच-दहा मिनिटं सलग, हळूहळू दाबा. सूज उतरली की अंगठ्यांनी मुंड आत ढकलत बोटांनी कातडी पुढे ओढा. जमलं नाही, किंवा रंग निळा-काळा दिसला, तर वाट पाहू नका. १०८ला फोन करून थेट बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, तातडीच्या विभागात न्या, रात्र असली तरी.